आमच्या सोसायटीला नेमके कोणते अग्निशमन केंद्र आणि कोणती १०८ रुग्णवाहिका लागते, हे कसे शोधावे?

कार्तिकी_४
नमस्कार. आमची सोसायटी हिंजवडीलगतच्या एका ग्रामपंचायतीत आहे. पत्त्यात 'पुणे ४११०५७' असल्यामुळे बहुतेक रहिवासी स्वतःला महापालिकेचे समजतात, प्रत्यक्षात आम्ही पुण्याच्याही हद्दीत नाही आणि पिंपरी-चिंचवडच्याही नाही. गेल्या महिन्यात मीटरच्या खोलीतून धूर येऊ लागला तेव्हा मी १०१ ला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "हद्द कोणाची?" आणि मला उत्तर देता आले नाही. मुख्य स्विच पाडल्यावर धूर थांबला, पण ती दोन मिनिटे मी विसरलेले नाही. आता प्रत्येक जिन्यात फलक लावायचा आहे. नकाशावर तीन केंद्रे दिसतात. त्यांपैकी एक प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर ते आगीचे सिलिंडर भरून देणारे दुकान निघाले. उरलेल्या दोनांपैकी आमचे कोणते?

वाटसरू
जे जवळ ते तुमचे. शिवाय आता ११२ हा एकच क्रमांक आहे, त्यामुळे पुढचे तेच पाहतात.

निवृत्त_सबऑफिसर
वाटसरू यांचे अर्धे बरोबर आहे. ११२ वरून वर्दी पुढे दिली जाते, परंतु पत्ता धड सांगता आला नाही तर ती चुकीच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकते. अंतराने केंद्र ठरते हेही खरे नाही, कारण महाराष्ट्रात अग्निशमन सेवा महापालिका, नगरपालिका, एमआयडीसी, पीएमआरडीए अशा वेगवेगळ्या संस्थांकडे वाटलेली आहे.

कार्तिकीताई, पिनकोड टपाल कार्यालयाचा असतो, त्यावरून हद्द कळत नाही. सातबारा किंवा सूची क्रमांक दोनवरचे गावाचे नाव आणि गट क्रमांक पाहा, त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा अग्निशमनाचा अंतिम ना-हरकत दाखला काढून त्यावर कोणाची सही आहे ते पाहा. तुमच्या भागात एमआयडीसीच्या भूखंडांना एमआयडीसी परवानगी देते आणि गावातल्या इतर जमिनींना पीएमआरडीए. ज्यांची सही आहे त्यांच्या अग्निशमन विभागाला लेखी विचारा की, या गटावरच्या वर्दीला पहिली गाडी कोणत्या केंद्रातून निघते, ती बाहेर असल्यास दुसरी कोठून येते आणि त्या केंद्राचा थेट दूरध्वनी कोणता. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये आणि मुदत ३० दिवस. मात्र त्यात "आमचे केंद्र कोणते" असे विचारू नका, "केंद्रनिहाय हद्दीची यादी आणि आमच्या गावाच्या गेल्या वर्षभरातील वर्द्यांच्या नोंदींची प्रत" मागा. गाडी खरोखर कोठून आली हे त्या नोंदींतच दिसते, आणि कागदावरच्या हद्दीपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवीन.

मांडवीकाठ
आम्ही गोव्यात राहतो. इथे अग्निशमन सेवा राज्याच्या एकाच संचालनालयाकडे असल्यामुळे "हद्द कोणाची" हा प्रश्न कधी ऐकला नाही.

सचिव_बी_विंग
आमच्याकडे बी फॉर्म जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, तो देणारी परवानाधारक एजन्सी कोणी सुचवेल का?

निवृत्त_सबऑफिसर
सचिव महोदय, तो यंत्रणा चालू असल्याचा दाखला आहे. गाडी कोठून येणार हे त्यातून कळत नाही, म्हणून कृपया वेगळा धागा काढावा.

रात्रपाळी_परिचारिका
१०८ चे गणित वेगळे आहे. तिथे हद्दीऐवजी थांबा असतो. गाडी ग्रामीण रुग्णालय, पोलीस चौकी अशा ठरलेल्या जागी उभी राहते आणि नियंत्रण कक्ष जवळची मोकळी गाडी पाठवतो. म्हणून "आमची रुग्णवाहिका" असे काही नसते, फार तर पहिला आणि दुसरा थांबा सांगता येतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन गाडीच्या पायलटला किंवा डॉक्टरांना विचारा की ही गाडी प्राथमिक आहे की व्हेंटिलेटर असलेली प्रगत, आणि ही बाहेर असली तर पुढची कोठून येते. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर माता आणि नवजात बाळांसाठी असते, छातीत दुखणाऱ्यासाठी तिची वाट पाहू नका.

कार्तिकी_४
मनःपूर्वक आभार. दाखला सापडला, त्यावर पीएमआरडीएची सही आहे. रविवारी ग्रामीण रुग्णालयातही जाऊन आले. तिथली १०८ प्राथमिक आहे, दुसरा थांबा कोणता ते पायलटने सांगितले, आणि फलकाचा तो भाग लिहून झाला. फलकावर आता पिनकोडच्या आधी गावाचे नाव, गट क्रमांक आणि प्रवेशद्वाराजवळची खूण अशी ओळ घातली आहे, म्हणजे फोन करणाऱ्याला ती वाचूनच सांगता येईल.

आगीचा भाग मात्र अर्धवट आहे. अंतराने जवळचे केंद्र एमआयडीसीचे आहे, दाखला दुसऱ्याचा आहे. सायंकाळी सहा वाजता आयटी पार्कच्या रस्त्यावरून यायला कोणत्या गाडीला किती वेळ लागेल, आणि हद्दीबाहेरून आलेल्या गाडीचे शुल्क सोसायटीला द्यावे लागेल का?

निवृत्त_सबऑफिसर
शुल्क त्या-त्या संस्थेच्या ठरावावर अवलंबून असते, तेही त्याच अर्जात विचारा. वेळ मात्र स्वतः मोजा, कामाच्या दिवशी सहा वाजता त्या केंद्राच्या फाटकापासून तुमच्या फाटकापर्यंत गाडी चालवून.