नुसता डिफेक्टचा आकडा पुरेसा नाही

"मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. रेझ्युमेत '४ वर्षांत ३५० डिफेक्ट शोधले' असं लिहिलंय, तरी मुलाखतीला बोलावणं येत नाही. काय चुकतंय?"

३५० मध्ये स्पेलिंगच्या चुका किती, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? मी रेझ्युमे चाळताना एखादा नेमका बग शोधतो. असं लिहा: 'पेमेंटचं बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा कापले जात होते. रिलीजआधी रिग्रेशनमध्ये पकडलं, त्याची सेलेनियम टेस्ट लिहून जेनकिन्सवर रोज रात्री लावली.'

कव्हरेज ९०% म्हणताय, तर कशाचं? '१२० रिक्वायरमेंटपैकी १०८ साठी टेस्ट केस' असं सांगा. कोड कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला, ही वेगळी गोष्ट, आणि मुलाखतीत माणूस तिथेच अडकतो. रिलीजचा साइन-ऑफ तुम्ही देत होता की नुसता रिपोर्ट पाठवत होता, हेही स्पष्ट लिहा.