मामांचं म्युकरचं दुसरं ऑपरेशन, थांबायचं की लगेच करायचं?

मंडळी नमस्कार, कोल्हापुरातूनच लिहितोय, मदत हवी आहे. मामा ५८ वर्षांचे, शुगर कायम वाढलेली, एचबीए१सी ११ च्या वर. एका बाजूचा गाल दुखून बधिर झाला, नाकातून काळपट यायला लागलं, आम्ही दातदुखीच समजत होतो. ईएनटीवाल्यांनी दुर्बिणीने बघितलं तर आत काळी खपली, तुकड्याच्या केओएच तपासणीत रुंद तंतूंची बुरशी म्हणजे म्युकर निघाली, बायोप्सीतही तेच. लगेच ऑपरेशन करून मेलेला भाग काढला, इन्सुलिन चालू आहे आणि लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला रोज ५० च्या ६ व्हायल. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सारखं तपासतात.

आता डॉक्टर म्हणतात परत दुर्बिणीने बघून उरलेलं काढायचं. घरचे म्हणतात शुगर उतरू दे, औषध चालूच आहे की. पण ही बुरशी रक्तवाहिनीत शिरून ती बंद करते, मग मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर औषध कुठनं पोचणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मला ते पटतंय.

नजर अजून ठीक आहे, पण नव्या एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीच्या कडेला सूज दिसतीय. खर्चाचं बघतोय, तो प्रश्न नाही. ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे ईएनटीत आहेत त्यांनी सांगा, अशा वेळी दुसरं ऑपरेशन शुगरसाठी थांबवलं होतं का, आणि डोळा वाचवायचा तर डॉक्टरांना नेमकं काय विचारू?