अनुभव धागा: मेसेज "नीट" करून घेतला आणि तो आपला वाटेनासा झाला, तर काय करता?

धागाकर्ती: घरगुती डबे देणाऱ्या एका काकूंचा मेसेज नमुन्याला घेऊ.

मूळ: "एक तारखेपासून डबा ९० ला होईल. तेल गॅस दोन्ही वाढलंय ना, मला परवडेनाच. पोळ्या चारच राहतील, कमी नाही करणार. ज्यांना नको त्यांनी २८ पर्यंत सांगा म्हणजे भाजी त्या हिशोबाने आणते."

भाचीनं नीट केलेला: "आदरणीय ग्राहकहो, वाढत्या महागाईच्या पार्श्वभूमीवर पुढील महिन्यापासून डब्याच्या दरात सुधारणा करण्यात येत आहे. गुणवत्तेत कोणतीही तडजोड केली जाणार नाही. आपल्या सहकार्याची अपेक्षा."

यातून काकूंना परत कसं आणायचं? स्वतः वापरता त्या युक्त्या लिहा.

शाईचा_डाग: भाषेकडे नंतर बघा, आधी मजकूर मोजा. मूळ मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत: एक तारीख, ९० रुपये, तेल-गॅस, चार पोळ्या, २८ तारीख. दुसऱ्यात तारीख "पुढील महिना" झाली, तेल-गॅसची "महागाई" झाली, बाकी तीन गायब. आता बारा जण फोन करून विचारणार, "काकू, किती झाला?" गुळगुळीत वाक्यात आकडा टोचतो, म्हणून तो पहिला उडतो. मूळ मेसेजमधला प्रत्येक आकडा नव्यात बोट ठेवून शोधायचा.

दुसरं, क्रियापदं. "कमी नाही करणार" म्हणणारी बाई समोर दिसते. "तडजोड केली जाणार नाही" यात करणारं कुणीच नाही. "करण्यात येत आहे", "केली जाईल" दिसलं की कर्ता परत आणा: मी करते, मी आणते. इतकं केलं तरी निम्मा मेसेज ताळ्यावर येतो.

पाटीपेन्सिल: पण "वाढलंय", "परवडेनाच" हे अशुद्ध आहे. लेखी मराठीत "वाढले आहे" असंच हवं.

शाईचा_डाग: अर्धं बरोबर. १९६२च्या लेखननियमांत एरवी एकारान्त रूप सांगितलंय, पण एखाद्याच्या तोंडचं बोलणं दाखवताना उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही, असंही म्हटलंय. काकूंचा मेसेज म्हणजे काकूंचं बोलणंच. हां, "केलं" आणि "केले" एकाच मेसेजात सरमिसळ झाले की दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. त्यावरूनच ठिगळ ओळखू येतं.

पंचगंगाकाठ: आमच्याकडं वेगळीच गंमत. कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो, मी देतो" म्हणतात. नीट करणारा हमखास "येते, देते" करतो. चूक म्हणून सुधारतो, पण ओळखीच्या माणसाला लगेच कळतं की हे मावशीनं लिहिलेलं नाही. माझा नियम: लिंग आणि तुम्ही-आपण यांना हात लावायचा नाही.

विदर्भ_एक्सप्रेस: "करून राहिलो"चंही तेच. पण मला वेगळं विचारायचंय. महापालिकेला पाण्याच्या बिलाचा तक्रार अर्ज द्यायचाय, त्यातही बोलीच ठेवू का?

धागाकर्ती: अर्जाला "सविनय सादर" चालतं, तिथे कुणी तुमचा आवाज शोधत नाही. ग्राहक क्रमांक, महिना आणि काय हवं ते पहिल्या दोन ओळींत आलं की झालं. धागा ओळखीच्या लोकांना पाठवायच्या मेसेजचा आहे.

चहाची_किटली: उलट्या बाजूनं सुरुवात करा. काकूंना मेसेज टाइप करायला लावूच नका. फोनवर "काय सांगायचंय?" विचारा आणि बोलतील ते जसंच्या तसं उतरवा. मग फक्त पूर्णविराम द्या आणि जिथे अर्थ दोन निघतात तिथेच शब्द बदला. या मेसेजात अशी एकच जागा आहे: "ज्यांना नको". त्या दिवशी डबा नको की कायमचा नको? तिथे "डबा बंद करायचा असेल तर २८ पर्यंत सांगा" करायचं. "ना" आणि "परवडेनाच"मधला "च" काढू नका. "च" गेला की नाइलाज जातो, नुसती दरवाढ उरते.

शेवटी काकूंना वाचून दाखवायचं, मनात नाही, मोठ्यानं. त्या अडखळतील किंवा हसतील तो शब्द त्यांचा नाही. "पार्श्वभूमीवर"ला नक्की हसतील.

पाटीपेन्सिल: बरं, पण "तेल गॅस दोन्ही वाढलंय"? निदान "वाढलेत" तरी करा.

चहाची_किटली: मी नाही करणार. वाचताना कुणी अडत नाही.

शाईचा_डाग: मी करेन. काकूंना विचारून. त्या "वाढलंयच म्हणते मी" म्हणाल्या तर राहू देईन.