रेवाचं जपानी पत्र (सोसायटीच्या ग्रुपवरून)

रेवाची आई (बी ३०४): नमस्कार मंडळी. रेवा जपानमधल्या ओकायामाहून परत आली हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे ६ रात्री एका कुटुंबाच्या घरी राहिली. त्यांना आभाराचं छोटं पत्र पाठवायचंय. तिने स्वतः जपानीत लिहिलंय, पण पाठवायचा धीर होत नाहीये. सुलभाताई, तुम्ही इतकी वर्षं जपानी शिकवलंत, एकदा बघाल का?

सुलभाताई (ए १०२): आनंदाने. रेवा, इथेच टाक. देवनागरीत लिही, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

रेवा: काकू, हे बघा. "आनाता नो काझोकु वा तोतेमो शिन्सेत्सु देसु. आनाता वा ओइशिई ताबेमोनो ओ त्सुकुरिमाशिता. आरिगातो गोझाइमासु. आनाता ओ आइशितेइमासु. सायोनारा." म्हणजे तुमचं कुटुंब फार प्रेमळ आहे, तुम्ही छान जेवण बनवलंत, धन्यवाद, माझं तुमच्यावर प्रेम आहे, अच्छा.

मीनल (बी १०३): किती गोड लिहिलंय! पाठवून दे ना असंच.

सुलभाताई: व्याकरण बरोबर आहे आणि भाव खरा आहे. पण त्या घरातल्या आईला हे वाचताना परक्या माणसाने लिहिल्यासारखं वाटेल. आधी सांग, तू त्यांना घरात काय हाक मारायचीस?

रेवा: ओकासान आणि ओतोसान, म्हणजे आई आणि बाबा. पहिल्याच दिवशी त्यांनीच तसं सांगितलं होतं.

सुलभाताई: मग पत्रात "आनाता" कुठून आलं? शब्दकोशात "तुम्ही" म्हणून तोच शब्द मिळतो, म्हणून शिकणारा प्रत्येक जण तो वापरतो. पण जपानीत समोरच्या मोठ्या माणसाला आनाता म्हणत नाहीत. नावाने किंवा नात्याने बोलतात. आपणही आत्याला पत्र लिहिताना "आत्या, तू" असंच लिहितो की. तिन्ही आनाता काढ, आणि जिथे गरज असेल तिथे ओकासान घाल. कर्ता नुसता गाळला तरी जपानी वाक्य अडत नाही.

रेवा: काढले. आणि "आइशितेइमासु" पण चुकलंय का?

सुलभाताई: हो, तेही काढ. तो शब्द नवरा-बायकोसुद्धा क्वचितच उच्चारतात. माया सांगायची असेल तर "उरेशिकात्ता देसु" म्हण, म्हणजे "मला फार आनंद झाला". आणि सायोनारा नको. पत्राच्या शेवटी तो पुन्हा भेट नाही असा निरोप वाटतो.

नाना (सी २०१): सुलभाताई, एक विचारतो. आमच्या काळी पत्राच्या वर "सा. न. वि. वि." आणि खाली "कळावे, लोभ असावा" असल्याशिवाय पत्र पुरं व्हायचं नाही. जपानीत असं काही असतं का?

सुलभाताई: असतं नाना, अगदी तसंच. वर "हाइकेई", म्हणजे आदराने कळवते, आणि खाली "केइगु". ही जोडी आहे. वर हाइकेई लिहिलं तर खाली केइगु लिहावंच लागतं. हाइकेईच्या मागोमाग ऋतूविषयी एक वाक्य येतं, मग प्रकृतीची चौकशी, आणि मग मुद्दा. पण हाइकेई-केइगु औपचारिक पत्रासाठी. ज्या घरात रेवा सकाळी पायजम्यात नाश्त्याला बसली, तिथे तो थाट नको. ऋतूचं वाक्य मात्र ठेवायचं. ते नसेल तर पत्र एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं.

रेवा: ऋतूचं काय लिहू?

सुलभाताई: जे खरं आहे ते. तिकडे आता थंडी पडायला लागली असेल, इकडे पहाटे गारवा आहे. "ओकायामा वा सामुकु नारिमाशिता का. पुणे मो आसा वा सुझुशिकु नारिमाशिता." तिकडे थंडी पडली का, पुण्यातही सकाळी गार वाटतं. बस.

मीनल: म्हणजे आपल्यासारखंच, आधी हवापाण्याची चौकशी. आणि आभार कधी मानायचे?

सुलभाताई: लगेच त्याच्या खाली. आणि आभार मानायला जपानी माणसाचा एक ठरलेला शब्द आहे, तो रेवाच्या पत्रात मुळीच नाही. "ओसेवा नि नारिमाशिता." सेवा म्हणजे सांभाळ, काळजी. मी तुमच्या सांभाळात होते, असा अर्थ. पाहुणा घरी राहून गेला की हे वाक्य आलंच पाहिजे. नुसतं आरिगातो तर दुकानात सुटे पैसे देतानाही म्हणतात.

रेवा: आणि आरिगातो गोझाइमासु बरोबर आहे ना?

सुलभाताई: गोझाइमाशिता कर. राहणं पूर्ण झालं, त्यांनी केलेलं आता झालेलं आहे, म्हणून भूतकाळ. आता मला महत्त्वाचं सांग. त्या ६ दिवसांत ओकासानने मुद्दाम तुझ्यासाठी काय केलं?

रेवा: (जरा वेळाने) काकू, मी मासे खात नाही ना. दुसऱ्या दिवशी मिसो सूप प्यायले, तेव्हा त्यांनी विचारलं मासे चालतात का. मी नाही म्हटल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. मग कळलं की सूपच्या पाण्यात, दाशीत, वाळवलेल्या माशाचे तुकडे उकळलेले असतात. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी वेगळी दाशी केली. रात्री कोंबू आणि सुके शिइताके पाण्यात भिजत ठेवायच्या. मला एकदाही सांगितलं नाही. मी पाणी प्यायला उठले तेव्हा ओट्यावर भांडं दिसलं.

रेवाची आई: हे तू मलाही सांगितलं नव्हतंस.

सुलभाताई: हेच पत्र आहे, रेवा! "छान जेवण बनवलंत" हे कोणालाही लिहिता येतं. ते भिजवलेलं भांडं तूच बघितलंस. आता बघ, तू लिहिलंस "त्सुकुरिमाशिता", म्हणजे बनवलं. पण आपण मराठीत काय म्हणतो? "मला करून दिलं." त्या "दिलं"मध्येच आभार आहेत. जपानीतही तसंच आहे, "त्सुकुत्ते कुदासाइमाशिता", करून दिलंत, आणि कुदासारु हे मोठ्यांनी दिल्याचं आदराचं रूप. इंग्रजीतून जपानी शिकलेल्यांना हे पचायला महिने लागतात. मराठी मुलांना मी दोन दिवसांत समजावायचे, कारण आपल्याकडे ते आहे.

नाना: वा! कोंबू म्हणजे काय पण?

सुलभाताई: समुद्रातली वनस्पती. वाळवून जाड पट्ट्या करतात, पाण्यात घातल्या की गोडसर, खारट चव उतरते. शिइताके म्हणजे मशरूम, इथे सुकवलेले. दोन्ही मिळून माशाशिवायची दाशी होते.

मीनल: सुलभाताई, मी म्हणते, पत्राबरोबर एखादी पैठणी किंवा चांदीची गणेशमूर्ती पाठवूया का? आपण सोसायटीतर्फे पैसे जमवू. इतकं केलं त्यांनी.

सुलभाताई: मीनल, मनापासून सांगते, ते नको. तिथे भेट आली की परतभेट द्यायची पद्धत आहे, ओकाएशि. औपचारिक भेटीची साधारण निम्म्या किमतीची परतफेड करायची रीत आहे. चांदीची मूर्ती पोचली की ओकासान दुकानात जाऊन काय पाठवावं या विचारात पडणार. आभार मानायला गेलो आणि त्यांच्या डोक्यावर भार टाकला, असं होईल. निघताना रेवाने काय दिलं होतं?

रेवा: आईने दिलेल्या चकल्या आणि वारली चित्राचा एक छोटा बोर्ड.

सुलभाताई: पुरे. भेटवस्तू झाली. आता पत्राबरोबर एक छापलेला फोटो घाल. फोटोची परतफेड करावी लागत नाही, आणि तो घरात लावला जातो.

मीनल: पटलं. मग फोटोचं मी बघते, माझ्याकडे प्रिंटर आहे.

रेवा: कोराकुएन बागेतला आहे, ओतोसान आणि मी. ते सकाळी मला तिथे चालायला घेऊन जायचे. नदीच्या पलीकडे काळा किल्ला दिसतो.

नाना: अहो, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच बागेच्या धर्तीवर केलंय ना? पुणे आणि ओकायामाची मैत्री म्हणून. मी रोज तिथे फिरायला जायचो.

रेवा: हो नाना! मी ओतोसानना हेच सांगितलं तर ते थांबलेच, आणि म्हणाले मला ती बाग बघायचीय.

सुलभाताई: मग तेही आलं पाहिजे. चला, मी मांडून देते. रेवा, हिरागाना या सोप्या लिपीत लिही, कांजी म्हणजे चिनी अक्षरं येत नसतील तर काही बिघडत नाही.

"ओतोसान, ओकासान ए.
ओकायामा वा सामुकु नारिमाशिता का. पुणे मो आसा वा सुझुशिकु नारिमाशिता.
ओरेई गा ओसोकु नात्ते सुमिमासेन. होमुसुतेई नो आइदा, होन्तोनि ओसेवा नि नारिमाशिता.
ओकासान गा कोंबु तो शिइताके दे दाशि ओ त्सुकुत्ते कुदासात्ता कोतो गा, तोतेमो उरेशिकात्ता देसु.
ओतोसान तो कोराकुएन ओ आरुइता आसा मो वासुरेरारेमासेन. पुणे निमो ओनाजि यो ना निवा गा आरिमासु. इत्सुका इश्शोनि आरुकेतारा उरेशिई देसु.
दोझो ओकारादा नि कि ओ त्सुकेते कुदासाइ.
आरिगातो गोझाइमाशिता."

तिसऱ्या ओळीचं पहिलं वाक्य म्हणजे "आभार मानायला उशीर झाला, क्षमा करा". परत येऊन ९ दिवस झाले ना? आठवडाभरात पत्र निघायला हवं होतं, म्हणून ते आधी. पुढे तुझीच गोष्ट आहे: ओकासानने कोंबू आणि शिइताकेची दाशी करून दिली याचा फार आनंद झाला, ओतोसानबरोबर कोराकुएनमध्ये चाललेली सकाळ विसरता येत नाही, पुण्यातही तशीच बाग आहे, कधीतरी तिथे एकत्र चालता आलं तर आनंद होईल, आणि प्रकृती सांभाळा.

रेवाची आई: उशीर माझ्यामुळे झाला, मीच म्हणाले नीट लिहून मग पाठव.

सुलभाताई: एका वाक्यात क्षमा मागितली की झालं. बाकीच्या सूचना: पहिल्या ओळीतला "ए" लिहिताना "हे" हे अक्षर लिहायचं, फक्त उच्चार ए. होमुसुतेई आणि पुणे मात्र परके शब्द असल्यामुळे काताकाना लिपीत. काळं किंवा निळसर काळं पेन घे. माणसांची नावं लाल शाईने लिहू नकोस. खोडलं तर व्हाइटनर लावू नकोस, कागद बदल. पाकिटावर त्यांच्या आडनावापुढे आदराचं "सामा" लिही, आणि तुझ्या नावापुढे काहीही नको. स्वतःला सान किंवा सामा लावत नाहीत. पत्ता इंग्रजीत चालतो, त्यातला ७ आकडी पिनकोड दोनदा तपास, आणि खाली जपान ठळक लिही.

रेवा: काकू, अजून एक. घरात ओबासानही होत्या, ओतोसानची आई. फार बोलायच्या नाहीत. पण मी बाहेर जाताना रोज दारापर्यंत यायच्या.

सुलभाताई: आधी स्वर सांभाळ. "ओबासान" म्हणजे काकू, "ओबाआसान" म्हणजे आजी. हिरागानात मध्ये एक "आ" जास्त लिहायचा. आजीला काकू केलंस तर त्या चिडणार नाहीत, पण पत्र वाचताना सगळे हसतील.

रेवा: मग त्यांच्यासाठी काय लिहू? त्या वेगळ्या पत्राची वाट बघणार नाहीत.

सुलभाताई: "दोझो ओकारादा नि"च्या आधी एक ओळ घाल. "ओबाआसान नि मो योरोशिकु ओत्सुताए कुदासाइ." आजींनाही माझा नमस्कार सांगा.

रेवाची आई: माझी आई प्रत्येक पत्रात लिहायची, घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार.

रेवा: लिहिलं. चौथा कागद झाला, पण आता खाडाखोड नाही. मीनलमावशी, फोटोसाठी येऊ का?

मीनल: ये. दार उघडंच आहे.