मदत हवी आहे : रक्त चढवल्यावर काढलेला सिकलचा रिपोर्ट कसा वाचायचा? (नागपूर)

भाची सहा वर्षांची. हातपाय दुखून रडायची, हिमोग्लोबिन ६.४ वर आलं म्हणून रक्त चढवलं. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी मात्र त्यानंतर दोन आठवड्यांनी काढली. त्यात सिकलचं हिमोग्लोबिन एस ५२ टक्के, नेहमीचं ए ३४ टक्के. खाली शेरा 'सिकल वाहक'. हे काही पटत नाही. वाहकात ए हे एसपेक्षा जास्त असतं, आणि वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा इतकं खाली जात नाही.

वडील सिकल वाहक आहेत. आईच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ए२ वाढून ५.३ टक्के, लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही कमी, ६५, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, थॅलेसेमियाची वाहक. त्यामुळे दोघांकडून एकेक दोष येऊन भाचीला सिकल-बीटा थॅलेसेमिया असावा असं वाटतं. ऑक्सिजन सोडला की एसचे रेणू एकमेकांना चिकटून पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी दहा-वीस दिवसांत मोडतात, दात्याच्या निरोगी पेशी मात्र १२० दिवसांपर्यंत टिकतात. मग ते ३४ टक्के ए तिचं किती आणि दात्याचं किती, हे कसं कळणार? तिचं स्वतःचं ए शून्य असेल तर आजार जास्त तीव्र, थोडं बनत असेल तर बहुधा सौम्य.

तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं म्हटलं, तर मध्येच परत रक्त लागलं की सगळं मुसळ केरात.

आईच्या बीटा जीनची तपासणी केली तर उत्तर मिळेल ना? मेडिकल, मेयो किंवा डागा हॉस्पिटलमध्ये ती होते का, की नमुना बाहेर पाठवतात? आणि सिकलवरचं औषध हायड्रॉक्सीयुरिया सुरू करण्यासाठी हे कळेपर्यंत थांबावं लागतं का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.