इन्स्टाच्या कॅरोसेलमध्ये पहिलं काय ठेवता, शेवटी काय? अनुभव सांगा

कंदीपेढा: काल भाचीनं विचारलं, "मामा, कुठला फोटो आधी लावू?" आणि मला माझी फजिती आठवली. चुलतभावाच्या होमस्टेसाठी मी 'साताऱ्याजवळच्या ७ जागा' अशी स्लाइडची पोस्ट केली होती. पहिल्या मुद्द्याला कास, कारण सगळ्यात प्रसिद्ध. लोकांना वाटलं, हे तर माहितीये, आणि सगळे पुढे न बघताच गेले. लिंबची बारामोटेची विहीर बिचारी पाचवी. महिन्यानं तीच यादी विहीर पहिली ठेवून परत टाकली. "ही कुठंय?" विचारणारे आले, सेव्हही बरेच झाले. कास तिसरं गेलं, त्याचं काही बिघडलं नाही.

भडंगवाली_सांगली: ऑर्डर लावायची म्हणजे भडंगाची का? 😄 किलोवर देते.

कंदीपेढा: ताई, अर्धा किलो बाजूला ठेवाच.

घाटमाथा: सगळ्यात भारी मुद्दा शेवटी ठेवायचा. कीर्तनात बुवा रंग शेवटीच भरतात.

निळी_शाई: दादा, कीर्तनातून उठून जायला लाज वाटते, फोनवर अंगठ्याला कसली लाज? मी दुकानांच्या पोस्ट करते. भारी मुद्दा पहिला, पण त्याच्या जोडीचा लगेच दुसरा. पहिल्यावर न थांबता कुणी पोस्ट सोडून खाली गेलं, तर इन्स्टा तीच पोस्ट कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून परत दाखवतं. म्हणून दुसरी स्लाइड एकटी वाचली तरी कळायला हवी. तिथं "नमस्कार मंडळी, आज आपण" घातलं की ती संधी गेली. लंगडे मुद्दे चार-पाचला. शेवटी घाटमाथा म्हणतात तसा वजनदार मुद्दा हवाच, पण कामाचा. कासचा सीझन, बुकिंग, असलं काही. लोक त्यासाठीच सेव्ह करतात.

घाटमाथा: म्हणजे मी निम्मा बरोबर. चालतंय.

रिक्षा_पोवई_नाका: सज्जनगड आणि ठोसेघर एकाच रस्त्याला आहेत, ते लांब लांब टाकू नका. मागं एक पाहुणे तुमच्यासारख्याच यादीच्या क्रमानं निघाले. सज्जनगड, मग कास, मग परत ठोसेघर. दिवस रस्त्यात गेला. भाडं मिळालं मला, पण पोरं रडत होती हो.

निळी_शाई: हे खरंय. क्रमानं जायचं असेल तर रस्त्याचा क्रम पाळायचा, चटपटीतपणा नंतर. कांदेपोह्यांच्या रेसिपीत फोडणी शेवटी टाकून कसं चालेल?

कंदीपेढा: मग आकडे घालायचे का? ठोसेघरला ५ घातला तर एकजण भांडायला आला, "पाचवा नंबर? पावसात बघितलाय का कधी?"

निळी_शाई: आकडा दिसला की लोक गुणपत्रिकाच समजतात. मी काढून टाकले.

घाटमाथा: आकडे नसतील तर अजून किती उरलंय कळत नाही, मी तिसऱ्यालाच सोडतो.

भडंगवाली_सांगली: कंदीपेढा, लसूण घालून की साधं?