आईचा पाय आत कलंडतोय: ऑपरेशन आत्ता की आधी ब्रेस?

शुभांगी, राजारामपुरी
आई ५६ वर्षांची, शाळेत शिक्षिका, डायबेटिस आहे. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला वर्षभर दुखतंय. सुरुवातीला मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधलं. आता कमान पार बसलीय. एका डॉक्टरांनी एमआरआय बघून 'स्टेज २, ऑपरेशन करून घ्या' सांगितलं, दुसरे म्हणतात ब्रेस घालून चार महिने बघा. घरात दोन तट पडलेत. तुम्ही काय कराल?

रंकाळाकर
ताई, ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. आमच्या मंडळींना असंच झालं होतं. घोट्यात एक इंजेक्शन घेतलं आणि आठवड्यात मंदिरापर्यंत चालत गेल्या. महाद्वार रोडवर सिलिकॉनचे सोल मिळतात, ते घाला आणि कोल्हापुरी चप्पल बंद करा. सपाट पाय निम्म्या गावाला असतात, त्याचं एवढं काय!

सुजाता, फिजिओ
काका, चप्पल बंद करण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. टाचेला मागून काहीच धरून ठेवत नाही, म्हणून ती या पायाला चालत नाही. पण इंजेक्शन स्टेरॉइडचं असेल तर कृपा करून कुणाला सुचवू नका. कमान उचलून धरणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घोट्याच्या आतल्या हाडामागून जातो आणि तिथं त्याला मुळातच रक्तपुरवठा कमी असतो. तिथं स्टेरॉइड गेलं की दुखणं थांबतं आणि माणूस जोरात चालायला लागतो, आणि झिजलेला टेंडन तुटायची भीती वाढते.

आणि जन्मापासून दोन्ही पाय सपाट असणं वेगळं. पन्नाशीनंतर एकाच पायाची कमान दिसता दिसता खाली येते, तेव्हा ती उचलून धरणारा टेंडन हरलेला असतो.

शुभांगीताई, एमआरआय बाजूला ठेवा आणि आईला मागून बघा. भिंतीला बोटं टेकवून, डावा पाय उचलून, फक्त उजव्या चवड्यावर उभं राहायला सांगा. टाच उचलली जाते का? मग त्यांना खुर्चीत बसवा आणि टाच हातात धरून सरळ करा. होते का? ही दोन उत्तरं रिपोर्टपेक्षा जास्त सांगतील.

पन्हाळा रोड
वडिलांचं सांगतो. आम्ही दोन-तीन वर्षं सोल आणि मलमांवर काढली. डॉक्टरांकडे गेलो तोवर टाच वाकडी होऊन घट्ट बसली होती, हातानं हलेना. शेवटी टाचेकडचे तीन सांधे जोडावे लागले. दुखणं गेलं, हे खरं. पण बांधावरून चालताना पाय जमिनीप्रमाणे वळत नाही, उतारावर ते काठी घेतात. पाय वळतोय तोवरच ऑपरेशन करा, एवढंच सांगेन.

अमृता
माझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याचाही पाय सपाट आहे. त्याला आतापासूनच ब्रेस लावावा का?

सुजाता, फिजिओ
अमृताताई, तो चवड्यावर उभा राहिला की कमान दिसत असेल आणि दुखत नसेल, तर काही लावू नका. या वयात बहुतेकांचे पाय असेच असतात. आईंचा आजार निराळा आहे.

शुभांगी, राजारामपुरी
करून बघितलं. दोन्ही पायांवर टाचा उचलते, पण उजवी टाच आत वळत नाही. एका उजव्या पायावर अजिबात जमत नाही, अंग पुढं झुकवते फक्त. बसवून धरल्यावर टाच सरळ होते. मागून बघितलं तर उजव्या पायाची बोटं बाहेरून जास्त दिसतात. बाहेरच्या घोट्याखाली अजून दुखत नाही. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.४ आलीय.

निखिल, ऑर्थो
आता बोलता येईल. टेंडन नुसता सुजलेला असतो आणि आकार शाबूत असतो, तेव्हा माणूस दुखत का होईना एका पायावर टाच उचलतो. ती पहिली पायरी. आईंची ती ओलांडून गेलीय. पाय कोसळलाय पण हातानं सरळ होतोय, म्हणून दुसरी. सरळ व्हायचा थांबला की तिसरी, पन्हाळा रोडवाल्यांच्या वडिलांसारखी. घोट्याचा सांधाही तिरका व्हायला लागला की चौथी.

रिपोर्टवरच्या 'स्टेज २' बद्दल मात्र विचारून घ्या. १९८९ ची जॉन्सन आणि स्ट्रॉम यांची पद्धत तीन पायऱ्यांची, चौथी नंतर मायरसन यांनी जोडली. २०२० मध्ये तज्ज्ञांनी नवी मांडणी केली, तिच्यात पाय लवचिक असेल तर स्टेज १ आणि ताठर असेल तर स्टेज २. एकच आकडा, पण एकात हाडं सरकवून पाय वाचवता येतो, दुसऱ्यात बहुधा सांधे जोडावे लागतात.

माझं मत ऑपरेशनकडे आहे. बोटं वाकवणारा शेजारचा टेंडन कमानीच्या हाडात बसवायचा आणि टाचेचं हाड कापून साधारण एक सेंटिमीटर आत सरकवायचं. टेंडन एकटा बसवून भागत नाही. तो मूळ टेंडनपेक्षा बारीक असतो, टाच बाहेर कललेली राहिली तर पुन्हा ताणला जातो. पायाचा पुढचा भाग जास्तच बाहेर वळलेला असेल तर बाहेरच्या बाजूचं हाडही लांब करावं लागतं. ते किती वळलंय, हे उभं राहून काढलेल्या एक्स-रेवरच कळतं. झोपवून काढलेल्यात पाय बरा दिसतो.

सुजाता, फिजिओ
निखिलसर, पण ९.४ वर टाच कापणार? जखम भरणं आणि हाड जुळणं दोन्ही लांबतं. शिवाय साधारण सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही, ते शिक्षिकेच्या घरात कोण सांभाळणार हे आधी ठरायला हवं.

२००६ च्या एका अभ्यासात पहिल्या दोन पायऱ्यांच्या ४७ रुग्णांना ब्रेस आणि ठरवून दिलेला व्यायाम दिला होता. ८३ टक्क्यांना फायदा झाला, तोही साधारण चार महिन्यांत.

निखिल, ऑर्थो
त्यात पहिल्या पायरीचेही रुग्ण होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. दुखणं थांबलं म्हणजे कमान वर आली असं नाही. पण शुगरचं म्हणणं मान्य. आठच्या खाली आणल्याशिवाय मीही हात लावणार नाही. तेवढा काळ ब्रेस घालाच.

रंकाळाकर
म्हणजे सोलच झाला ना शेवटी!

सुजाता, फिजिओ
नाही काका. मऊ सिलिकॉन टाचेखाली दबतं, टाच बाहेर कलंडतच राहते. इथं टाचेला दोन्ही बाजूंनी कपासारखा धरणारा आणि घोट्याच्या वरपर्यंत जाणारा ब्रेस लागतो, मापानं बनवलेला. आधी सूज उतरवायला चार ते सहा आठवडे बूट-प्लास्टर. त्यानंतर ब्रेस, आणि रबरबँडनं पाय हळू आत ओढून त्याहून हळू सोडायचा व्यायाम. गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणायची, कारण आखडलेली पोटरी कमान आणखी खाली दाबते.

शुभांगी, राजारामपुरी
ब्रेस बुटात बसतो, आणि आई घरात अनवाणीच असते. स्वयंपाकघरात, देवघरापाशी ती बूट घालणार नाही.

सुजाता, फिजिओ
बहुतेक घरांत ब्रेस इथंच अडतो. रस्त्यावर कधीच न घातलेले लेसचे बूट फक्त घरासाठी ठेवा. ब्रेस बसायला अर्धा नंबर मोठे. देवपूजा बसून होऊ शकते. पण दिवसभर ओट्यापाशी अनवाणी उभं राहायचं आणि शाळेपुरता ब्रेस, असं केलं तर चार महिन्यांनी ब्रेस फसला की घातलाच नव्हता, हे कुणालाच सांगता येणार नाही. मधुमेह आहे म्हणून रोज रात्री घोट्याच्या हाडावर आणि टाचेच्या कडेला लाल वण बघायचा. अर्ध्या तासात गेला नाही तर ब्रेस काढून दुरुस्तीला न्यायचा.

पन्हाळा रोड
चार महिन्यांत पाय घट्ट झाला तर? आमच्याकडे हेच झालं.

निखिल, ऑर्थो
म्हणूनच नुसतं थांबू नका. महिन्याला एकदा टाच हातानं सरळ होते का बघा. बाहेरच्या घोट्याखाली नवं दुखणं सुरू झालं तर तिथं हाडं एकमेकांवर घासायला लागलीत असं समजा आणि त्याच आठवड्यात दाखवा. शुगर आठच्या खाली येऊनही एका पायावर टाच उचलत नसेल, तर मी आणखी वाट बघणार नाही. सुजाताताई बघतील.

सुजाता, फिजिओ
हो, दुखणं नसेल आणि टाच सरळ होत असेल तर मी बघेन. एका पायावर टाच उचलता न येणारे, पण ब्रेसमध्ये पूर्ण दिवस उभे राहून शिकवणारे रुग्ण माझ्याकडे आहेत.

शुभांगी, राजारामपुरी
उभं राहून दोन्ही पायांचा एक्स-रे उद्या काढतोय. ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरांना आकडा कुठल्या पद्धतीतला ते विचारते. ब्रेसचं माप घ्यायला आईला शनिवारी शाळा सुटल्यावर नेते, घरातले बूट त्याच फेरीत घेऊ.